चौकोनी जबडा आणि दाट नागमोडी केस: कट ठरवताना पायरीपायरीने काय पाहावे

माझ्या वहिनींचा जबडा रुंद आणि कोपरे स्पष्ट आहेत. केस दाट आहेत आणि कानाच्या पातळीपासून खाली त्यांना ठळक लहरी पडतात. काही वर्षांपूर्वी मी त्यांचे केस ओले असताना कापले. पुढच्या बटा जबड्याच्या कोपऱ्यापासून दोन बोटे खाली ठेवल्या आणि आरशात त्या अगदी योग्य दिसल्या. केस वाळले तेव्हा त्याच बटा वर सरकून नेमक्या कोपऱ्यावर येऊन थांबल्या आणि तिथेच बाहेरच्या बाजूला वळल्या. आठवड्याने वहिनी म्हणाल्या, "वन्सं, कितीही मागे सारली तरी ही बट इथंच येते, आणि चेहरा आणखीनच रुंद दिसतो." चूक माझी होती. कट चांगलाच निवडला होता, पण ओल्या आणि कोरड्या लांबीतला फरक मी हिशेबात धरला नव्हता.

अशा चेहऱ्याला आणि अशा केसांना कोणता कट शोभेल, असे विचारले की बहुतेक ठिकाणी नावांची यादी मिळते: लेअर, स्टेप, यू, बॉब. माझ्या अनुभवात नावाने फारसे काही ठरत नाही. चेहऱ्याजवळची सर्वांत आखूड बट वाळल्यावर कुठे संपते आणि केसांचा सर्वांत रुंद भाग कोणत्या उंचीवर येतो, या दोन प्रश्नांवर जवळजवळ सगळे अवलंबून असते. पुढच्या पायऱ्या त्याच दोन प्रश्नांची उत्तरे काढण्यासाठी आहेत.

पहिली पायरी: चेहरा आणि केस मोजून पाहणे

केस मागे घट्ट बांधा आणि शिवणाची टेप घ्या. कपाळाची रुंदी, गालांच्या हाडांमधली रुंदी आणि जबड्याच्या एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंतची रुंदी, अशी तीन मापे चेहऱ्यासमोर टेप सरळ धरून घ्या, त्वचेवरून वळवून घेऊ नका. चौथे माप कपाळावरच्या केसांच्या रेषेपासून हनुवटीपर्यंतचे. तिन्ही रुंद्या जवळपास सारख्या असतील आणि लांबी त्यांच्यापेक्षा थोडीशीच जास्त असेल, तर चेहरा चौकोनी आहे. लांबी बरीच जास्त असेल, तर चेहरा लांबट चौकोनी आहे आणि त्याचा विचार थोडा वेगळा करावा लागतो, तो कपाळावरच्या बटांच्या ठिकाणी सांगते. फोटोवरून ठरवणार असाल, तर हात लांब करून काढलेल्या सेल्फीवर विसंबू नका. कॅमेरा जवळ असला की नाक मोठे आणि जबडा प्रत्यक्षाहून अरुंद दिसतो. दुसऱ्या कुणाला तरी दीड-दोन मीटरवरून, डोळ्यांच्या उंचीवर फोन धरून फोटो काढायला सांगावे.

जबड्याचा कोपरा बोटाने चाचपून नक्की करा. कानाच्या पाळीखालून बोट सरळ खाली आणले की जिथे हाड हनुवटीकडे वळते, तो कोपरा. त्या जागेचा या लेखात वारंवार उल्लेख येईल.

केसांच्या बाबतीत "दाट" हा एक शब्द दोन निरनिराळ्या गोष्टींसाठी वापरला जातो. डोक्यावर केसांची संख्या जास्त असणे ही एक गोष्ट आणि प्रत्येक केस जाड असणे ही दुसरी. सगळे केस मागे एकत्र बांधून त्या शेपटाभोवती दोरा गुंडाळा. दोरा १० सेंटिमीटर किंवा त्याहून जास्त लागला, तर संख्या भरपूर आहे असे धरायला हरकत नाही. नंतर एक गळलेला केस शिवणाच्या साध्या दोऱ्याशेजारी ठेवा आणि चिमटीत फिरवून पाहा. तो बोटांना स्पष्ट जाणवत असेल, तर केस जाड आहे. संख्या जास्त पण केस बारीक असतील, तर लेअर थोडे मोकळेपणाने देता येतात. केस जाडही असतील, तर फार आखूड कापलेला प्रत्येक केस ताठ उभा राहतो, म्हणून तिथे हात आखडता घ्यावा लागतो.

दुसरी पायरी: केस किती आखडतात ते काढणे

हे काम घरी करा, कारण पार्लरमध्ये त्यासाठी कुणाकडे वेळ नसतो. केस धुवा, तेल किंवा जेल लावू नका. नेहमीच्या भांगापासून पुढची एक बट वेगळी करा. ओली असतानाच ती हलकी ताणून भांगापासून टोकापर्यंत मोजा. मग तिला हात न लावता पूर्ण वाळू द्या आणि आता ती न ताणता, जशी पडली आहे तशी मोजा. दोन्ही आकडे लिहून ठेवा. त्याच भांगापासून जबड्याच्या कोपऱ्यापर्यंतचे अंतरही टेपने घ्या. बट ज्या वाटेने खाली येते, त्याच वाटेने टेप न्यायची.

वहिनींचे आकडे उदाहरणासाठी देते. ओली ताणलेली बट ५२ सेंटिमीटर होती आणि वाळल्यावर तीच ४५ सेंटिमीटर भरली. भांगापासून जबड्याच्या कोपऱ्यापर्यंतचे अंतर २४ सेंटिमीटर होते. बट कोपऱ्याच्या सुमारे ४ सेंटिमीटर, म्हणजे दोन बोटे, खाली थांबावी अशी आमची इच्छा होती. म्हणजे वाळल्यावर ती २८ सेंटिमीटर भरायला हवी. मी पहिल्या वेळी ओली बटच २८ सेंटिमीटरवर कापली. २८ ला ५२ ने भागून ४५ ने गुणले की सुमारे २४ येतात, म्हणजे मी ती बट ठरवून ठेवावी तशी जबड्याच्या कोपऱ्यावर नेऊन ठेवली होती.

बरोबर हिशेब उलट दिशेने करायचा. हवी असलेली कोरडी लांबी २८, तिला ५२ ने गुणून ४५ ने भागले की सुमारे ३२.५ सेंटिमीटर येतात. त्यात दीड सेंटिमीटर वाढीव धरायचा, कारण लांब बट स्वतःच्या वजनाने लहर थोडी ओढून धरते आणि आखूड केल्यावर ते वजन जाऊन ती आणखी वर उचलली जाते. म्हणजे ओल्या केसांवर पहिली कात्री ३४ सेंटिमीटरवर चालवायची आणि उरलेले केस वाळल्यावर पाहून ठरवायचे. ३४ आणि २८ यांत सहा सेंटिमीटरांचा फरक आहे. डोक्यावरचे केस महिन्याला साधारण एक ते सव्वा सेंटिमीटर वाढतात. त्या हिशेबाने माझी चूक वाढून भरून यायला वहिनींना सुमारे पाच महिने लागले.

मोजताना हवेचाही विचार करावा. दमट हवेत केस पाणी शोषतात, केसाला आकारात धरून ठेवणारे हलके बंध सैल होतात आणि लहर आणखी घट्ट होते. मुंबईत आणि कोकणात राहणाऱ्या बाईने मे महिन्यात मोजून कट केला, तर जूनच्या मध्यापासून त्याच बटा वर गेल्यासारख्या वाटतात. पावसाळ्याच्या तोंडावर कापताना मी पुढच्या बटा आणखी एक बोटभर लांब ठेवते. विदर्भाच्या कोरड्या उन्हाळ्यात हा प्रश्न बराच कमी जाणवतो.

तिसरी पायरी: एकूण लांबी आणि आकार निवडणे

आधी नको असलेला आकार समजून घेतला की हवा असलेला सोपा होतो. सगळे केस एका रेषेत कापले, लेअर दिले नाहीत, तर वरचे केस खालच्या वजनाने टाळूला चिकटून बसतात आणि खालच्या लहरींना पसरायला जागा मिळते. समोरून पाहिले की वर निमुळता आणि खाली रुंद असा त्रिकोण तयार होतो. केस हनुवटीपर्यंतच असतील, तर त्या त्रिकोणाचा पाया थेट जबड्याच्या शेजारी येतो. चेहऱ्याचा सर्वांत रुंद भाग आणि केसांचा सर्वांत रुंद भाग एकाच उंचीवर आले की दोन्ही एकमेकांना आणखी रुंद दाखवतात. म्हणून हनुवटीपाशी सरळ कापलेला बॉब या जोडीला जड जातो, तो कितीही सफाईने कापलेला असला तरी.

सुरुवात करणाऱ्या बाईला मी सहसा गळ्याखालच्या आडव्या हाडापर्यंत येणारा लाँग बॉब सुचवते. त्यात खालची कड किंचित गोलाकार ठेवते आणि आत लांब लेअर देते. ही लांबी जबड्यापासून पुरेशी खाली असते, त्यामुळे लहरी पसरल्या तरी त्या मानेच्या आणि खांद्याच्या पातळीवर पसरतात. शिवाय केस बांधायची सोय राहते. खांद्यावर नेमके टेकणारे केस मात्र टाळावेत. तिथे टोके खांद्याला आपटून बाहेर वळतात आणि रोज सकाळी त्यांच्याशी झटापट करावी लागते. एक तर खांद्याच्या दोन बोटे वर थांबावे, किंवा त्याच्या खाली जावे.

लांब केस ठेवायचे असतील, तर मागची कड यू आकारात ठेवावी. व्ही आकार सरळ केसांवर रेखीव दिसतो, पण नागमोडी केसांत त्याचे टोक शेपटासारखे विरळ होते आणि बाजूचे केस उगाच आखूड होतात. लेअरमध्ये सर्वांत लांब आणि सर्वांत आखूड बटेतला फरक मी लाँग बॉबला १० ते १२ सेंटिमीटरांपेक्षा जास्त ठेवत नाही. डोक्याच्या वरच्या भागातले केस त्याहून आखूड केले की ते छत्रीसारखे उभे राहतात, आणि केस जाड असतील तर ती छत्री महिनोन्महिने खाली बसत नाही.

अगदी आखूड कट, म्हणजे पिक्सी, करता येणार नाही असे नाही. वरचे केस लांब आणि उंच, बाजूचे अंगाबरोबर, असे ठेवले तर नजर वर जाते आणि जबडा रेखीव दिसतो. पण दाट केसांचा पिक्सी पाच-सहा आठवड्यांत आकार सोडतो, हे आधीच मनाशी धरावे. जबडा झाकायलाच हवा, असेही मी मुळीच मानत नाही. ज्यांना आपला जबडा आवडतो, त्यांनी तो उघडा ठेवणारा कट बेलाशक निवडावा. फक्त तो निर्णय जाणून घेतलेला असावा, चुकून झालेला नसावा.

चौथी पायरी: चेहऱ्याजवळच्या बटा

या चेहऱ्यावर सर्वांत जास्त विचार इथे करावा लागतो. चेहऱ्याजवळच्या सर्वांत आखूड बटेचे टोक दोनच ठिकाणी शोभते: गालाच्या हाडाजवळ, किंवा जबड्याच्या कोपऱ्याच्या किमान दोन बोटे खाली. या दोन्हींच्या मधल्या पट्ट्यात टोक आले की ते जबड्याकडे बोट दाखवते. गालाच्या हाडाजवळ थांबणाऱ्या बटांना पार्लरमध्ये फ्लिक्स म्हणतात. त्या सर्वांत रुंद अशा गालाच्या भागावरून वळून मागे जातात आणि तिथून तिरक्या रेषेत लांब केसांत मिसळतात. ही तिरकी रेषा चेहऱ्याच्या सरळ कडा मोडते. बटा मिसळलेल्या असायला हव्यात, पायऱ्यांसारख्या तुटक नकोत. नाहीतर प्रत्येक पायरीवर एक वेगळा गुच्छ उभा राहतो.

कपाळावर भुवयांपर्यंत सरळ कापलेले केस, म्हणजे बँग्ज, मी चौकोनी चेहऱ्याला सुचवत नाही. वर एक आडवी रेषा आणि खाली जबड्याची दुसरी आडवी रेषा, अशा दोन समांतर रेषांत चेहरा चौकटीत बसवल्यासारखा दिसतो. त्यातही नागमोडी केस दमट दिवशी आखडून कपाळाच्या मध्यावर जातात. बँग्ज हव्याच असतील, तर मध्यभागी आखूड आणि दोन्ही बाजूंना गालाच्या हाडापर्यंत लांब होत जाणाऱ्या, पडद्यासारख्या दुभंगणाऱ्या कापून घ्याव्यात आणि पहिल्या वेळी मधली बट ओली असताना नाकाच्या शेंड्यापर्यंत तरी ठेवावी. चेहरा लांबट चौकोनी असेल, तर याच दुभंगलेल्या बँग्ज त्याची लांबी कमी दाखवतात आणि तिथे मी त्या आवर्जून सुचवते. त्याआधी कपाळावर भोवरा आहे का ते पाहावे. भोवरा असेल तर बट एकाच बाजूला जाणार. मग ती त्याच बाजूला वळवून कापणे बरे.

भांगही कटाचाच भाग आहे. मधोमध भांग पाडला की दोन्ही बाजू आरशातल्या प्रतिमेसारख्या सारख्या होतात आणि जबड्याचे दोन्ही कोपरे एकदम नजरेत भरतात. भांग मध्यापासून दोन-तीन सेंटिमीटर बाजूला सरकवला की हे जुळणे मोडते. मात्र कापण्यापूर्वी भांग ठरवून सांगा आणि मग तोच ठेवा. भांग बदलला की वर मोजलेले २४ सेंटिमीटर बदलते आणि सगळा हिशेब चुकतो.

पाचवी पायरी: खुर्चीत बसल्यावर काय सांगायचे

जाण्याच्या आदल्या दिवशी केस धुवून आपोआप वाळू द्या. तेल नको, प्रेसिंग नको आणि केस घट्ट बांधूनही नेऊ नका. तेलाने आणि वेणीने लहर बदलते, आणि मग कापणाऱ्या व्यक्तीला तुमचे खरे केस दिसतच नाहीत. कात्री हातात घेण्यापूर्वी तिला कोरडे मोकळे केस पाहायला सांगा. "स्टेप कट करा" एवढेच म्हणू नका, कारण त्याचा अर्थ प्रत्येक पार्लरमध्ये वेगळा असतो. त्याऐवजी जागा दाखवून सांगा: "पुढची सर्वांत आखूड बट वाळल्यावर इथे थांबायला हवी. माझे केस ५२ चे ४५ होतात. आत्ता जास्त ठेवा, वाळल्यावर बाकीचे पाहू." आकडा अर्थात तुमचा स्वतःचा सांगायचा. चांगली कापणारी बाई या वाक्यावर थांबते आणि स्वतः एक बट ताणून सोडून पाहते. "काही होत नाही, मी करते" असे म्हणून ती पुढे सरकली, तर त्या दिवशी फक्त टोके समान करून घ्यावीत.

दाटपणा कमी करण्याचा विषय निघाला की दात्यांची कात्री बाहेर येते. या केसांवर तिचा वापर मुळांजवळ कधीही करू देऊ नका. मुळाशी कापलेले केस दोन-तीन आठवड्यांत खुंटांसारखे वर येतात आणि आपल्यावरच्या लांब केसांना बाहेर ढकलतात, त्यामुळे महिन्याभरात केस पूर्वीपेक्षा जास्त फुगलेले दिसतात. शेंड्याकडे मात्र टोके विरळ होतात. हे ओळखायची खूण सोपी आहे: भांगाशेजारी तळहात हलकेच फिरवला की आखूड टोके हाताला टोचतात. आपण ते केस वाढू देण्यापलीकडे काही करू शकत नाही. वजन कमी करायचेच असेल, तर ते आतल्या लांब लेअरने करावे आणि शेवटी कात्री उभी धरून फक्त टोके सैल करावीत. रेझरने कापणेही मी टाळते. लहरी केसांची टोके त्याने चिरल्यासारखी होतात आणि नंतर पिंजारतात.

कट झाल्यावर लगेच केस सरळ सेट करून देण्याची पद्धत आहे. ती नम्रपणे नाकारावी. सरळ केलेल्या केसांत ३४ सेंटिमीटरची बट ३४ सेंटिमीटरच दिसते, जबड्यापासून चांगली खाली, आणि घरी पहिल्यांदा धुतल्यावर खरी जागा कळते. डिफ्यूझर असेल तर त्याने हलके वाळवून घ्यावे, नसेल तर पंख्याखाली अर्धा तास बसावे. मग खुर्चीतच जबड्याच्या कोपऱ्याखाली दोन बोटे आडवी धरून पाहावे. बटेचे टोक बोटांच्या खाली दिसले, तर जागा बरोबर आहे. ते बोटांवर आले, तर कापणे तिथेच थांबवायचे आणि ती बट वाढेपर्यंत बाजूला पिनेने मागे बांधायची. ते बरेच खाली राहिले, तर कोरड्या केसांवर अर्धा-अर्धा सेंटिमीटर कमी करत जायचे.

सणासुदीला वेणी घालायची असेल तर

ज्या बायका लग्नकार्यात वेणी किंवा अंबाडा घालतात, त्यांनी गालाच्या हाडापर्यंतच्या फ्लिक्स घेताना एक विचार करावा. त्या बटा वेणीत बसत नाहीत, गजऱ्याच्या वेळी सुटून पुढे येतात आणि पिना लावाव्या लागतात. जबड्याखाली जाणारी, ओली असताना ३४ सेंटिमीटर भरणारी बट मात्र वेणीत निमूटपणे बसते. वहिनींनी याच कारणासाठी फ्लिक्स नाकारल्या आणि जबड्याखालची लांबी निवडली.

दुसऱ्या वेळी मी त्यांचे केस ३४ सेंटिमीटरवर कापले, वाळू दिले आणि दोन बोटे धरून पाहिले. एका बाजूला अर्धा सेंटिमीटर कमी करावे लागले, कारण डाव्या बाजूची लहर उजव्यापेक्षा सैल होती. आता त्या दर तीन महिन्यांनी येतात. तोवर पुढच्या बटा तीन-साडेतीन सेंटिमीटर वाढलेल्या असतात. मी फक्त त्या मूळ मापावर आणते आणि मागची लांबी एकाआड एका वेळीच कापते.